सुरातले जांभळे आणि गुलाबी : ग्राम स्टेनच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी, सोमवार. फोंडा

सकाळी साडेसहाला मडकईला रेंदेर काकांच्या माडाखाली उभी होते. त्यांनी वरून मडके उतरवले आणि माझ्या उकळून निर्जंतुक केलेल्या बाटलीत अर्धा लिटर सूर, म्हणजे माडाची माडी, ओतून दिला. फेस वर येत होता. "बाय, आज गोड आहे तोवर घेऊन जा, परवापर्यंत दात आंबतील," असे ते म्हणाले. माझ्या प्रकल्पाचा प्रश्न जवळपास तोच आहे. सूर गोडाचा आंबट होत जातो, त्या सहा दिवसांत त्यातली जिवाणूंची वस्ती कशी बदलते?

सगळ्यांची नावे शोधणे माझ्या आवाक्यातले नाही. ग्राम स्टेन या रंगवण्याच्या पद्धतीने त्यांची दोन गटांत वाटणी करायची आणि रोज शंभर पेशी मोजून जांभळ्या किती, गुलाबी किती ते लिहायचे, एवढेच ठरले आहे. सुरासाठी ही वाटणी सोयीची आहे. दुधाला विरजण लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद, म्हणजे लॅक्टिक आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस आणि ल्युकोनोस्टॉक, हे ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे. सुरातल्या अल्कोहोलचे व्हिनेगर करणारे अ‍ॅसिटोबॅक्टर ग्राम निगेटिव्ह, म्हणजे गुलाबी. गोडाकडून आंबटाकडे जाताना गुलाबी वाढतील, असा माझा अंदाज.

बाटलीचे तोंड कापसाने बंद केले आहे, बूच लावलेले नाही. अ‍ॅसिटोबॅक्टरला हवा लागते.

दुपारी ताज्या सुराचे सहा स्मिअर काचेवर पसरून, वाळवून ज्योतीवर पक्के केले. एकच रंगवला. सगळे जांभळे!

७ जानेवारी

काल सगळे जांभळे दिसल्यावर मला आनंद झाला होता, कारण ताज्या सुरात लॅक्टिकवाले जास्त असणारच. मॅडमनी स्लाइड पाहिली आणि विचारले, "तुझा ई. कोलाय कुठे आहे?" तो नव्हता. मी कंट्रोल लावलेच नव्हते.

आज प्रत्येक स्लाइडवर तीन ठिपके केले. डावीकडे प्रयोगशाळेतला ई. कोलाय, जो गुलाबी यायलाच हवा. उजवीकडे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, जो जांभळा यायलाच हवा. मधे सूर. तिन्हींवर तेच रंग, तोच वेळ, तेच पाणी. कालच्यासारखेच रंगवले आणि ई. कोलायसुद्धा जांभळा आला. म्हणजे कालची स्लाइड सुराबद्दल काहीच सांगत नव्हती.

चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे स्मिअर जाड. सुरातली साखर आणि प्रथिने काचेवर वाळून चिकट थर होतो, तो रंग धरून ठेवतो आणि अल्कोहोल खालपर्यंत पोचत नाही. दुसरी म्हणजे अल्कोहोल मी घाईने पाच सेकंदांतच धुऊन टाकले होते.

आता सूर आधी धुऊन घेते. एक मिलिलिटर सूर पाच मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, वरचे पाणी टाकायचे, तळाच्या गाळात सलाइन घालून हलवायचे, पुन्हा फिरवायचे. असे दोनदा. मग लूपने इतका पातळ स्मिअर ओढायचा की वाळल्यावर त्यातून वहीवरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. ज्योतीवरून दोन-तीनदाच न्यायचा. जास्त भाजला तर पेशी फुटतात आणि जांभळे असायला हवेत तेही गुलाबी होतात.

पुढचा क्रम आता पाठ झाला. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी. आयोडीन एक मिनिट, पाणी. ९५ टक्के अल्कोहोल स्लाइड तिरपी धरून थेंबथेंब सोडायचे, खाली ओघळणारा थेंब जांभळा दिसायचा थांबला की लगेच पाणी. माझ्या हाताला यात साधारण पंधरा सेकंद लागतात. शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट, पाणी, टिपकागद.

पाचव्या प्रयत्नात ई. कोलाय गुलाबी आणि स्टॅफिलोकोकस गर्द जांभळा, एकाच काचेवर. मधला ठिपका तेव्हाच पाहिला.

८ जानेवारी

ताज्या सुराची पक्की मोजणी : शंभरात ७१ जांभळे, २९ गुलाबी. जांभळ्यांत बारीक दांड्या, काही एकेकट्या, काही साखळीत, आणि गोल दाण्यांच्या जोड्या. गुलाबी सगळ्या दांड्या. मधे मधे यीस्टच्या मोठ्या अंडाकृती पेशी, त्याही गर्द जांभळ्या. त्या मोजणीत धरल्या नाहीत. यीस्ट हा जिवाणू नव्हे आणि त्याच्या भिंतीत जिवाणूंसारखे पेप्टिडोग्लायकनचे जाळेही नसते. त्याची भिंत वेगळ्याच साखरांच्या साखळ्यांची, पण जाड, म्हणून रंग आत राहतो. म्हणजे जांभळा रंग "मी अमुक कुळातला" असे सांगत नाही, "माझी भिंत रंग सोडत नाही" एवढेच सांगतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आज ती भिंत नीट समजून घेतली. इथे सविस्तर लिहिते, कारण पुढे याचाच आधार लागणार.

गटांची नावे ऐकून मला इतके दिवस वाटायचे की क्रिस्टल व्हायोलेट एका गटाला चिकटतो आणि दुसऱ्याला चिकटत नाही. तसे नाही. पहिल्या मिनिटाला दोन्ही गट सारखेच जांभळे होतात. आयोडीन आत शिरून रंगाशी जुळते आणि त्या दोघांची मोठी, पाण्यात न विरघळणारी गाठ तयार होते. तीसुद्धा दोन्ही गटांच्या पेशींत. फरक पडतो तो फक्त अल्कोहोलच्या त्या पंधरा सेकंदांत.

ग्राम पॉझिटिव्ह पेशीची भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकनचे अनेक थर, साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, असे ते जाळे. त्यात पाणी भरलेले असते. अल्कोहोल हे पाणी ओढून घेते आणि जाळे आवळते. ताजे कोकमाचे साल फुगलेले, मऊ असते आणि उन्हात वाळून त्याचे सोल झाले की आकसून घट्ट होते, तसे. आकसलेल्या भिंतीतून रंग-आयोडीनची गाठ बाहेर पडू शकत नाही.

ग्राम निगेटिव्ह पेशीत हेच जाळे आहे, पण फार पातळ, जेमतेम काही नॅनोमीटर. त्याच्या बाहेर आणखी एक पडदा आहे, स्निग्ध पदार्थांचा, ज्याच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइड असते. अल्कोहोलने हा बाहेरचा पडदा विस्कटतो आणि आतले पातळ जाळे गाठ अडवू शकत नाही. रंग वाहून जातो, पेशी जवळपास बिनरंगी होते. सॅफ्रॅनिन दिला नाही तर ती दिसणारही नाही. सॅफ्रॅनिन जांभळ्या पेशींतही जातो, पण त्या गर्द रंगापुढे दिसत नाही.

डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना भिंतीबद्दल काही कळण्याचा मार्गच नव्हता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या कापात जिवाणू उठून दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. काही जिवाणूंचा रंग निघून जातो हे त्यांना दिसले आणि आपली पद्धत अजून सदोष आहे असे त्यांनीच लिहून ठेवले. शेवटचा विरोधी रंग देण्याची रीत नंतर रुळली. त्या पंधरा सेकंदांत आत काय होते हे प्रत्यक्ष पाहायला १९८३ उजाडले. कॅनडात टेरी बेवरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचे संयुग वापरले. प्लॅटिनम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळे दिसते, त्यामुळे रंग कुठे आहे आणि कुठून निसटतो हे पेशीच्या कापात दिसले. ई. कोलायचा बाहेरचा पडदा निघालेला, बॅसिलस या ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत जागच्या जागी.

९ जानेवारी

सूर बराच आंबट झाला, पीएचची पट्टी ४ च्या जवळ दाखवते. मोजणी : ५८ जांभळे, ४२ गुलाबी. कंट्रोल दोन्ही बरोबर.

१० जानेवारी

आज २२ जांभळे, ७८ गुलाबी. कंट्रोल दोन्ही बरोबर. वहीत मोठ्या अक्षरात लिहिले : "चौथ्या दिवशी लॅक्टिकवाले हटले, व्हिनेगरवाल्यांनी ताबा घेतला." बाटलीला वासही तसाच येऊ लागला होता.

दुपारी मॅडमना दाखवायला म्हणून स्लाइडवर एक चांगली जागा शोधत होते, तेव्हा ऑइल इमर्शनखाली एक साखळी दिसली. सात दांड्या, टोकाला टोक लावून. पहिल्या तीन गर्द जांभळ्या. चौथी फिकट, जांभळट-गुलाबी. पुढच्या तीन पूर्ण गुलाबी, त्यांतली शेवटची तर इतकी फिकी की नुसती तिची कड दिसत होती. मी बारीक स्क्रू पुढेमागे फिरवून पाहिले, वेगळ्या पातळीवरच्या दोन साखळ्या एकमेकींवर पडल्या असतील म्हणून. तसे नव्हते. साखळी एकच होती.

अशी साखळी होते ती एकाच पेशीचे दोन, दोनाचे चार होताना लेकी एकमेकींना न सोडल्यामुळे. सातही एकाच आईच्या. म्हणजे तिघी ग्राम पॉझिटिव्ह आणि तिघी ग्राम निगेटिव्ह असे असूच शकत नाही. एका कुळातल्या पेशी, पण काहींच्या भिंतीने रंग धरला आणि काहींच्या भिंतीने सोडला.

सकाळचे मोठ्या अक्षरातले वाक्य खोडले. ७८ गुलाबींत खऱ्या गुलाबी किती आणि रंग गळालेल्या किती, हे या स्लाइडवरून सांगता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल बरोबर आले म्हणजे तुझा हात बरोबर. नमुन्यातल्या पेशी तरुण आहेत का म्हाताऱ्या, ते कंट्रोल कसा सांगेल? तो तर तू काल रात्री लावलेला." खरेच. माझे दोन्ही कंट्रोल रात्रभर वाढवलेले, ताजे. सूर चार दिवसांचा.

भिंत ही एकदा बांधून झाली असे नसते. पेशी वाढताना तिची स्वतःची विकरे जाळ्याचे दुवे कापतात आणि तिथे नवे विणले जाते. साखर संपली, आम्ल वाढले, वाढ थांबली की विणणे बंद पडते, कापणे मात्र चालू राहते. भिंत पातळ होते, कुठे भोक पडते, आणि मग अल्कोहोलने ती आवळली तरी रंग निसटतो. बेवरिज यांनी पुढे १९९० मध्ये अशा रंग बदलणाऱ्या काही ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंत हेच दाखवले होते, वाढीबरोबर पेप्टिडोग्लायकनचा थर पातळ होत जातो म्हणून.

संध्याकाळी सुराच्या रेघा दोन प्रकारच्या माध्यमांवर ओढल्या. एमआरएस अगार लॅक्टिकवाल्यांसाठी, मेणबत्तीच्या बरणीत. ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा अगार व्हिनेगरवाल्यांसाठी, उघड्या हवेत. दोन्ही ३० अंशांना. दोन्हींत यीस्ट दाबणारे सायक्लोहेक्झिमाइड मॅडमनी स्वतः घातले, ते विषारी आहे.

१३ जानेवारी

एमआरएसवर बारीक, मलईसारख्या वसाहती. पांढऱ्या अगारवर काही वसाहतींभोवती स्वच्छ कडे, कारण आम्लाने कार्बोनेट विरघळले. पण कडे दिसले म्हणजे अ‍ॅसिटोबॅक्टर असे धरता येत नाही, लॅक्टिक आम्लसुद्धा कार्बोनेट विरघळवते. म्हणून प्रत्येक वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. एमआरएसची वसाहत गप्प. पांढऱ्या अगारवरच्या पाचांपैकी चारांवर बुडबुडे. अ‍ॅसिटोबॅक्टरकडे पेरॉक्साइड फोडून बुडबुडे काढणारे कॅटलेज हे विकर असते, लॅक्टिकवाल्यांकडे सहसा नसते. पाचवी वसाहत म्हणजे कडे असलेला लॅक्टिकवालाच निघाला.

बुडबुडेवाल्यांतली एक, "ग", नव्या अगारवर ओढली. एमआरएसवरची एक, "ल", संध्याकाळी पाच वाजता ताज्या ब्रॉथमध्ये आणि नव्या अगारवर सोडली.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी, पण ब्रॉथ थांबणार नाही. सकाळी अकराला, म्हणजे अठरा तासांनी, "ल" चा स्मिअर. शंभरात ९८ जांभळ्या. साखळ्या सलग एकाच रंगाच्या. सुरात जी पेशी अर्धी गुलाबी दिसत होती, तिचीच ही बहुधा लेक. आता ताज्या अन्नात भिंत पुन्हा पुरी विणलेली.

१५ जानेवारी

आज रंगाशिवाय भिंत तपासली. काचेवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्यायचा, त्यात लूपभर ताजी वसाहत कालवायची आणि लूप हळूच वर उचलायचा. ग्राम निगेटिव्ह असेल तर अल्कली बाहेरचा पडदा आणि पातळ जाळे मोडते, पेशी फुटते, तिचा डीएनए बाहेर येतो आणि थेंब शेंबडासारखा चिकट होतो. जाड भिंत इतक्या थोड्या वेळात फुटत नाही, थेंब पाण्यासारखाच राहतो.

आधी एक काळजी घेतली. काही व्हिनेगरवाले स्वतःच चिकट पदार्थ करतात, तेव्हा "ग" ची वसाहत नुसत्या पाण्यात कालवून उचलली. तार नाही. मग अल्कलीत : अर्ध्या मिनिटात लूपबरोबर दोन सेंटिमीटरची तार वर आली, गूळ पाकावर आला की पळीला येते तशी. "ल" ला एक मिनिट कालवले, तार नाही. अल्कलीचा निकाल आणि तरुण पेशींचा रंग आता एकमेकांशी जुळले.

"ल" चा तोच ब्रॉथ ४२ तासांनी पुन्हा रंगवला : ७४ जांभळ्या.

१६ जानेवारी

मला आणखी एक पुरावा हवा होता, म्हणून व्हँकोमायसिनची चकती लावायचे ठरवले होते. तर्क सरळ वाटत होता. हे औषध पेप्टिडोग्लायकन विणू देत नाही, पण रेणू मोठा असल्यामुळे ग्राम निगेटिव्हच्या बाहेरच्या पडद्यातून आत जात नाही. म्हणजे "ग" चकतीला लागून वाढेल आणि "ल" भोवती मोकळे वर्तुळ पडेल. काल लावली, आज पाहिली. "ग" चकतीला लागून वाढला. "ल" सुद्धा चकतीला लागून वाढला. दोघांनाही वर्तुळ नाही! स्टॅफिलोकोकसभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ, म्हणजे चकती चांगली होती.

तासभर मी "ल" ला पुन्हा ग्राम निगेटिव्ह ठरवायला निघाले होते. मग मॅडमनी समजावले. व्हँकोमायसिन पकडते ते भिंतीच्या विटेचे टोक, जिथे दोन डी-अ‍ॅलानिन असतात. ल्युकोनोस्टॉक आणि बऱ्याच लॅक्टोबॅसिलसमध्ये शेवटचे अ‍ॅलानिन नसून त्या जागी डी-लॅक्टेट असते. औषध भिंतीपर्यंत पोचते, पण त्याला धरायला ते टोकच नाही. "ग" मध्ये औषधाला आत येता येत नाही, "ल" मध्ये ते आत येते आणि रिकाम्या हाताने राहते. स्लाइडवर दिसतो तो जाळ्याचा जाडपणा. विणीत नेमके काय वापरले आहे ते रंगाने कळत नाही. चकतीचा निकाल पुराव्याच्या पानावरून काढून वेगळ्या पानावर ठेवला.

१७ जानेवारी

"ल" चा ब्रॉथ, नव्वद तास. पीएच ४ च्या जवळ, सुराइतकाच. शंभरात ३१ जांभळ्या, ६९ गुलाबी किंवा फिकट. बाटलीत दुसरा कोणीही नाही. एकाच वसाहतीपासून वाढवलेला, ताजा असताना ९८ जांभळा असलेला, तार न देणारा जिवाणू. आणि तरी १० तारखेच्या सुरासारखाच आकडा. भेसळीची शंका जावी म्हणून त्याच ब्रॉथची रेघ नव्या एमआरएसवर ओढून ठेवली.

१८ जानेवारी

रेघेवर एकाच प्रकारच्या वसाहती. त्यातून केलेला तरुण स्मिअर जांभळा.

तक्ता नव्याने आखला. "जांभळे" आणि "गुलाबी" अशा दोन रकान्यांऐवजी आता तीन : गर्द जांभळे, स्पष्ट गुलाबी, आणि फिकट किंवा एका साखळीत दोन रंग असलेले. तिसऱ्या रकान्यातल्यांना कुठल्याच गटात धरत नाही. ६ आणि ९ तारखेच्या स्लाइड जपून ठेवल्या होत्या, त्या पुन्हा मोजल्या. ६ तारखेला तिसऱ्या रकान्यात २, ९ तारखेला १५. १० तारखेला तब्बल ४६, म्हणजे स्पष्ट गुलाबी फक्त ३२. ताज्या सुरातल्या गुलाबींपेक्षा जेमतेम काहीच वर.

व्हिनेगरवाले वाढले की नाहीत, याचे उत्तर आता वसाहती मोजूनच मिळेल. सोमवारी पहाटे मडकईला पुन्हा जायचे आहे. या वेळी रोजचा सूर दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून दोन्ही अगारवर पसरवायचा, आणि स्मिअर वसाहतींचेच करायचे, अठरा ते चोवीस तासांच्या आतले. काकांना सांगून ठेवले आहे, एक मडके माझ्यासाठी न हलवता ठेवायला.